‘पिग्मी बुटके का?’ याच्या आधी ‘कधीपासून?’ विचारा: मराठीत सायन्सचे व्हिडिओ बनवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी एका लॅबमध्ये हार्मोन सेक्शनला काम करते, अकरा वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणा एकाचं नाव घेऊन बोलायचं नाहीये, कारण मी बघितलेल्या चार-पाच व्हिडिओंमध्ये चूक तीच होती, फक्त म्युझिक वेगळं. लेकीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी ‘पावसाळी जंगलातले लोक’ असा विषय मिळाला म्हणून तिने एक व्हिडिओ लावला आणि मी भाजी चिरता चिरता ऐकत होते. त्यात सांगितलं की आफ्रिकेतले पिग्मी बुटके असतात कारण जंगलात पुरेसं खायला मिळत नाही, शिवाय झाडाझुडपांतून वाकून वाकून चालावं लागतं, त्यामुळे पिढ्यानपिढ्या उंची कमी होत गेली. संपलं, सबस्क्राइब करा. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, पिग्मी म्हणजे तो पतसंस्थेचा संध्याकाळी पैसे न्यायला येतो तो ना? मला आधी हसू आलं आणि मग वाटलं की आपल्याकडे या शब्दाला खरंच दुसरा अर्थच नाहीये, म्हणून कोणी काहीही सांगितलं तरी खपून जातं.

तर आधी शब्दाचं उरकते. ‘पिग्मी’ हा ग्रीकांचा शब्द, कोपरापासून मुठीपर्यंतच्या मापावरून आलेला, म्हणजे ‘हातभर माणूस’ असं हिणवणंच झालं. हे लोक स्वतःला पिग्मी म्हणत नाहीत. कॅमेरूनच्या बाजूला बाका आहेत, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगोच्या भागात आका, पूर्वेला काँगोच्या इतुरी जंगलात एफे आणि सुआ, युगांडात बात्वा. भाषा वेगळ्या, शेजारी वेगळे. शास्त्रज्ञांनी सोयीसाठी एक रेघ मारली की पुरुषांची सरासरी उंची १५० (काही जण १५५ म्हणतात) सेंटीमीटरच्या खाली असेल तर पिग्मी, आणि त्या रेघेच्या खाली आफ्रिकेतलेच नाही तर फिलिपिन्सचे आएता आणि बातक, आपल्या अंदमानातले ओंगे वगैरेही येतात. रेघ आपण मारलीय, निसर्गाने नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्दा. तुम्ही सगळे ‘का’पासून सुरू करता. माझ्या टेबलावर एखाद्या बुटक्या मुलाची फाइल येते तेव्हा डॉक्टर आधी ‘का’ विचारत नाहीत, ते विचारतात ‘कधीपासून’. जन्मताच लहान होतं का? पहिल्या दोन वर्षांत मागे पडलं का? की दहावीपर्यंत वर्गाच्या बरोबर होतं आणि बाकीच्या पोरांनी उंची घेतली तेव्हा हे राहिलं? कारण माणसाची वाढ एकाच इंजिनावर चालत नाही. पोटात असताना आणि तान्हेपणी खाणं, इन्सुलिन, आईची तब्येत यांचा जोर असतो, पहिल्या वर्षाच्या मध्यापासून ग्रोथ हार्मोन हळूहळू सूत्रं हातात घेतं, आणि वयात येताना त्यात लैंगिक हार्मोनची भर पडून ती शेवटची मोठी उडी येते. गाडी कुठल्या स्टेशनला लेट झाली ते कळलं तर बिघाड कुठल्या पट्ट्यात शोधायचा ते कळतं. पिग्मींच्या उंचीवरचा साठ वर्षांचा सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरलाय, आणि तुमच्या व्हिडिओत नेमका तोच नाही.

हार्मोनची साखळी थोडक्यात सांगते, कारण पुढचं तिच्याशिवाय कळणार नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते. ते रक्तातून यकृताकडे आणि हाडांकडे जातं, तिथे पेशींवर त्याचा रिसेप्टर असतो, म्हणजे कुलूप म्हणा. किल्ली बसली की पेशी आयजीएफ-वन नावाचं दुसरं हार्मोन बनवते, आणि हाडाच्या टोकाच्या कूर्चेला वाढायला लावण्याचं बरंच काम ते करतं. आयजीएफ-वनलाही स्वतःचं वेगळं कुलूप लागतं. म्हणजे अडचण चार ठिकाणी होऊ शकते: किल्लीच कमी, पहिलं कुलूप कमी, दुसरं हार्मोन कमी, किंवा दुसरं कुलूप ऐकत नाही.

किल्ली कमी आहे का हे बघणं वाटतं तितकं सोपं नाही. ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखं नसतं, झटक्याझटक्याने सुटतं, जास्त करून झोपेत. सकाळी सहज रक्त काढलं तर चांगल्या धडधाकट मुलाचंही शून्याजवळ येऊ शकतं. म्हणून आमच्याकडे मुलाला उपाशीपोटी बोलावून ग्रोथ हार्मोन सुटायला भाग पाडणारी क्लोनिडिनची गोळी देतात, सुई लावून ठेवतात आणि दर अर्ध्या तासाने रक्त घेतात. त्या गोळीने बीपी उतरतं, पोर आईच्या मांडीवर पेंगतं, आई दर नमुन्याला विचारते झालं का हो, आणि आपल्याला त्या पाच ट्यूबमधली सगळ्यात वरची टोकाची व्हॅल्यू हवी असते. एक सुटा आकडा काहीच सांगत नाही.

१९६० च्या दशकात रिमोइन, मेरिमी आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी पिग्मींमध्ये असंच चिथावून ग्रोथ हार्मोन मोजलं. सगळ्यांचा अंदाज होता की कमी निघणार. निघालं नॉर्मल. मग त्यांनी बाहेरून ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं देऊन बघितली, तर शरीराने जी प्रतिक्रिया द्यायला हवी ती फिकी आली. १९६९ च्या त्यांच्या पेपरचा सूरच हा होता की हार्मोन आहे, पण शरीर ते नीट ऐकत नाही. पुढे मेरिमीने १९८१ मध्ये आयजीएफ-वन कमी असल्याचं दाखवलं, १९८९ मध्ये बाउमन आणि मेरिमी यांनी रक्तात फिरणारं एक प्रोटीन मोजलं जे प्रत्यक्षात त्या पहिल्या कुलपाचाच बाहेरचा तुकडा असतो, तेही कमी, आणि २००९ मध्ये बोत्सोला वगैरेंनी कॅमेरूनच्या बाकांमध्ये रिसेप्टरच्या जनुकाचं काम शेजारच्या बांटू शेतकऱ्यांपेक्षा सुमारे आठपट कमी असल्याचं सांगितलं. म्हणजे धागा बऱ्यापैकी एकाच दिशेने जातो, पहिलं कुलूपच थोडं.

इथे एक गोष्ट हातात घेऊन बघण्यासारखी आहे. पहिलं कुलूप जन्मजात तुटलेलं असण्याचा एक आजार आहे, लॅरॉन सिंड्रोम. त्यात आयजीएफ-वन जवळजवळ नसतंच, आणि वरून कोणी ऐकत नाही म्हणून पिट्युटरी ओरडत राहते, ग्रोथ हार्मोन खूप वर जातं. लहानपणी साखर उतरते, चेहऱ्याची ठेवण बदलते. पिग्मींमध्ये हे चित्र नाही. ग्रोथ हार्मोन आभाळाला टेकलेलं नाही, बाकी शरीर ठणठणीत, जंगलात दिवसदिवसभर शिकारीच्या मागे जातात. त्यामुळे यांना ‘हार्मोनचा आजार असलेले लोक’ म्हणणं चूक आहे. नळ फुटलेला नाही, तोटी अर्धी वळवलेली आहे. एका व्हिडिओत ‘ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेमुळे’ असं सरळ म्हटलं होतं, ते तर १९६७ सालीच खोडलं गेलंय.

आता ‘कधीपासून’कडे येते. १९८७ मध्ये मेरिमीने जे मांडलं ते वर्षानुवर्षं सगळ्यांनी धरून ठेवलं. त्याचं म्हणणं, वयात येईपर्यंत पिग्मी मुलं इतरांपेक्षा फार वेगळी नाहीत, पण वयात येताना इतर मुलांचं आयजीएफ-वन जसं उसळतं तसं यांचं उसळत नाही, तुलनेतल्या मुलांच्या सुमारे एक तृतीयांशच राहतं, म्हणून शेवटची उडी हुकते. ऐकायला एकदम पटतं. लेट कुठे झाली, शेवटच्या स्टेशनला.

पण वय कसं काढलं? जंगलात जन्मदाखला नाही, आईला तारीख माहीत नाही, मग अंदाज. आणि अंदाज कशावरून, तर बऱ्याचदा पोराच्या चणीवरून. आता समजा एक खरा नऊ वर्षांचा मुलगा आहे, उंची १२२ सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या चार्टवर नऊ वर्षांच्या मुलाची मधली उंची १३२-१३३ च्या आसपास आहे, म्हणजे हा चांगला दहा सेंटीमीटर मागे. पण तुम्हाला त्याचं वय माहीतच नाही, तुम्ही बघता आणि लिहिता ‘वय ७’. सात वर्षांची मधली उंची १२१-१२२. झालं, मुलगा चार्टवर एकदम नॉर्मल! असं प्रत्येक पोराच्या बाबतीत होत गेलं तर सगळं बालपण सुरळीत दिसतं. मग तो सोळाचा होतो, मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, आता त्याला अकरा वर्षांचा लिहिता येत नाही, आणि इतकी वर्षं लपलेली सगळी तूट एकदम वयात येण्याच्या टप्प्यावर उघडी पडते. तूट तिथे झाली नाही, तिथे दिसली. जुन्या सगळ्या डेटामध्ये असंच झालं असं मी म्हणत नाही, पण वय उंचीवरून काढायचं आणि मग उंची वयाशी ताडायची, यात तुम्ही स्वतःचीच शेपटी धरून गोल फिरता हे आमच्या लॅबमधली शिकाऊ पोरगी पण सांगेल.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे जन्मतारीख माहीत असलेली मुलं शोधणं. रॉबर्ट बेली आणि मंडळींनी इतुरीत एफे बाळांचा जन्मापासून पाच वर्षांपर्यंत मागोवा घेतला, शेजारच्या लेसे शेतकऱ्यांच्या बाळांबरोबर. १९९१ मध्ये छापून आलं की एफे बाळं जन्मतःच लहान असतात आणि पहिल्या पाच वर्षांत आणखी मागे पडतात. वयात येण्याच्या कितीतरी आधी! एफे म्हणजे जगातल्या सगळ्यात कमी उंचीच्या लोकांपैकी, पुरुषांची सरासरी १४३ सेंटीमीटरच्या आसपास.

आणि मग २०१५ मध्ये फर्नांडो रामिरेझ रोत्सी यांच्या टीमचं काम आलं, मला वाटतं या सगळ्या विषयात मराठीत एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगावी. आग्नेय कॅमेरूनमध्ये ल बोस्के म्हणून जागा आहे, तिथे कॅथलिक मिशनचा दवाखाना आहे, आणि तिथल्या नन बाका बाळांच्या जन्माची नोंद ठेवत आल्यात. नुसती वही हो. पण त्या वहीमुळे जन्मापासून मोठेपणापर्यंतची, खऱ्या वयाची बाका माणसं मोजायला मिळाली. काय निघालं? बाका बाळ जन्मताना चांगलं नॉर्मल मापाचं असतं, एफेसारखं लहान नसतं. मग पहिल्या दोन वर्षांत त्याचा वेग स्पष्ट मंदावतो. त्यानंतर मात्र त्याची रेघ बाकीच्या जगाच्या रेघेला जवळजवळ समांतर चालते, खाली पण समांतर. वयात येताना उडीही येते, वाढ थांबायचं वयही साधारण इतरांसारखंच.

थोडं थांबून बघा या दोन गोष्टी शेजारी ठेवून. पूर्वेचे एफे पोटातूनच लहान येतात, पश्चिमेचे बाका पूर्ण मापाचे येतात आणि नंतर मंदावतात. शेवटी दोघेही बुटके. म्हणजे मुक्काम एक, रस्ते दोन. जनुकांच्या अंदाजानुसार या जंगलवासींचे पूर्वज आणि शेतकऱ्यांचे पूर्वज साधारण ६०,००० वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि पूर्व-पश्चिम पिग्मी एकमेकांपासून नंतर, २०,००० वर्षांच्या आगेमागे. तर ठेंगणेपण दोन्हीकडे निदान काही प्रमाणात स्वतंत्रपणे घडलं असावं. तिकडे एफेंच्या पेशींवर गेफनर वगैरेंनी १९९० च्या दशकात काम केलं त्यात अडचण दुसऱ्या कुलपाशी दिसली होती, पेशी आयजीएफ-वनलाच नीट दाद देत नव्हत्या. बाकांमध्ये पहिल्या कुलपाचं जनुक मंद. हे दोन धागे मी जोडतेय तो माझा उत्साह आहे, एकाच अभ्यासात दोघांना एकत्र घेऊन तपासलेलं हे नाही, तरी ‘पिग्मींचं हार्मोन’ असं एकवचनी बोलायला जीभ अडखळायला हवी.

तुम्ही लगेच म्हणाल की अहो पहिली दोन वर्षं म्हणजे तर कुपोषणाचाच काळ, आपल्या अंगणवाडीताई पण पहिले हजार दिवस म्हणून हेच सांगतात, मग आमचं ‘खायला मिळत नाही’ बरोबरच की. शंका एकदम रास्त आहे, आणि बाका बाळाची नुसती रेघ बघून हे सुटत नाही. सुटतं ते दुसरीकडून. युगांडात ब्विंडीचं जंगल १९९१ मध्ये नॅशनल पार्क झालं आणि बात्वांना तिथून बाहेर काढलं, आता ते बाकिगा शेतकऱ्यांच्या शेजारी राहतात. २०१४ मध्ये जॉर्ज पेरी यांच्या टीमने दाखवलं की बात्वांमध्ये ज्याच्या अंगात बाकिगांकडून आलेला जनुकांचा वाटा जास्त, तो सरासरीने उंच. पश्चिमेकडच्या लोकांमध्येही असाच संबंध आधीच सापडला होता. नुसतं अन्न कारण असतं तर आजी कुठल्या जमातीची होती यावरून उंची हलायला नको. पण यातही एक फट आहे बरं का, ज्यांची शेतकऱ्यांशी सोयरीक झाली त्यांना खाणं, दवाखाना, काम हेही जास्त मिळत असणार, त्यामुळे सगळाच फरक जनुकांच्या नावावर टाकता येत नाही. अन्न आणि जंत आणि ताप यांचा हात असणारच, फक्त तेवढ्याने गोष्ट पुरी होत नाही. आणि हो, पूर्व आफ्रिकेतले तुर्काना आणि मसाई हे पण हालअपेष्टांत, दुष्काळात राहणारेच, ते तर ताडमाड आहेत.

आता ज्याला लाइफ हिस्टरी थिअरी म्हणतात, आयुष्याच्या जमाखर्चाचा सिद्धांत म्हणा हवं तर. हे मला फार आवडतं कारण यात उंची हा बक्षिसाचा विषयच नाही, उंची ही उरलेली चिल्लर आहे. कल्पना अशी: शरीराकडे येणारी ऊर्जा एकतर वाढीत घाला नाहीतर मुलं होण्यात घाला, दोन्हीकडे एकदम नाही. जास्त वर्षं वाढलात तर अंग मोठं होतं, मोठ्या अंगाच्या बाईला बाळंतपण झेपतं, बाळं जगतात. पण वाट बघण्याची किंमत आहे, त्या वर्षांत तुम्ही मरू शकता.

आकडे घालून बघू, आकडे माझे, समजावण्यापुरते. एक मुलगी बाराव्या वर्षी वाढ थांबवू शकते किंवा अठरापर्यंत वाढू शकते. जिथे दर वर्षी शंभरातली एक मरते तिथे सहा वर्षांनी शंभरातल्या ९४ उरतात. वाट बघण्याचा तोटा भरून काढायला मोठ्या अंगाने मुलांच्या संख्येत सहा-सात टक्के वाढ दिली तरी पुरे. आता जिथे दर वर्षी शंभरातल्या पाच मरतात तिथे सहा वर्षांनी उरतात ७३-७४. इथे तेच वाट बघणं परवडायचं तर मोठ्या अंगाने ३६ टक्के जास्त मुलं द्यायला हवीत. इतकं कुठलं अंग देतं? म्हणून अशा ठिकाणी लवकर थांबून लवकर आई होणाऱ्या बायकांचे वंशज जास्त उरतात, आणि बुटकेपणा हा फायदा म्हणून नाही तर लवकर थांबण्याचा परिणाम म्हणून मागे राहतो.

हे २००७ मध्ये आंद्रेआ मिग्लियानो, लुसिओ विनिसियस आणि मार्ता लार यांनी मांडलं, मुख्यतः फिलिपिन्सच्या आएता आणि बातक लोकांच्या माहितीवर. तिथे जन्मवेळचं सरासरी आयुर्मान १६ ते २४ वर्षांच्या दरम्यान येत होतं. (कृपा करून याचा अर्थ ‘सगळे वीस वर्षांत मरतात’ असा सांगू नका, लहानपणी खूप मुलं जातात म्हणून सरासरी खाली येते, तिथे म्हातारी माणसंही असतात.) वाढीचा आलेख इतरांपेक्षा लवकर सपाट होतो आणि मुलं होण्याचा भरही लवकरच्या वयाकडे सरकलेला, असं त्यांनी दाखवलं. हार्मोनशी जोड अशी की वाढ लवकर आवरायची तर शरीराला कुठेतरी तोटी वळवावी लागेल, आणि ग्रोथ हार्मोन ते आयजीएफ-वन ही साखळी त्यासाठी हाताशीच आहे.

सुंदर आहे ना? पण बाकांची वही आठवा. बाका लवकर थांबतच नाहीत. ते वाढतात तितकीच वर्षं, फक्त सुरुवातीलाच मागे पडलेत. म्हणजे लवकर थांबण्याचा हिशेब आएतांना लागू पडत असेल, तरी त्या सरळ रूपात बाकांना बसत नाही. दुसरी अडचण, आज दिसणारा मृत्युदर हा जमिनी गेल्यानंतरचा, बाहेरून आलेल्या आजारांनंतरचा आहे, तो दहा हजार वर्षांपूर्वीही असाच होता असं धरणं धाडसाचं. आणि तिसरी तीच जुनी, आएतांची वयं तरी कुणाच्या वहीत होती?

माझ्या लॅबच्या डोक्याला सगळ्यात जास्त खाणारी शक्यता मात्र वेगळीच आहे. २०१२ मध्ये जोसेफ जार्विस वगैरेंनी पश्चिमेकडच्या पिग्मींची जनुकं चाळली तेव्हा तिसऱ्या क्रोमोसोमवर एक लांबलचक पट्टा सापडला जिथे नैसर्गिक निवडीच्या खुणाही होत्या आणि उंचीशी संबंधही. त्या पट्ट्यात सीआयएसएच नावाचं जनुक आहे. हे जनुक काय करतं? पेशीच्या आत ब्रेक लावतं. ग्रोथ हार्मोनचा निरोप रिसेप्टरवरून आत आला की त्याला आवर घालतं, आणि तोच ब्रेक रोगप्रतिकारशक्तीच्या निरोपांनाही लागतो. याच जनुकातले फरक मलेरिया, टीबीसारख्या आजारांना बळी पडण्याशी जोडले गेलेत. म्हणजे असंही असू शकतं की दमट जंगलात ज्या ब्रेकने तापातून जीव वाचवला, त्याच ब्रेकने उंचीही आवळली, उंचीची निवड कुणी केलीच नाही. सिद्ध झालंय का? नाही. तो पट्टा मोठा आहे, त्यात इतरही बरीच जनुकं बसलीत, खरा कर्ता कोण ते त्यातून निवडून दाखवणं राहिलंय. पण तापाने सगळ्यात जास्त बाळं कधी जातात तर पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि बाका बाळ मंदावतं ते पण तेव्हाच, हे बघितल्यापासून मला ते डोक्यातून काढता येत नाहीये.

तुमची झाडाझुडपांची गोष्ट पण पूर्ण टाकाऊ नाही हं. दाट जंगलात सगळ्यांचंच पाऊल आखूड पडतं, आणि उंच माणसाला आपलं नेहमीचं पाऊल जास्त कापावं लागतं, याची मोजमापं झालीत. दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून कमी उष्णता तयार करणारं लहान अंग बरं, हाही एक विचार आहे. पण ‘वाकून चालल्यामुळे पिढ्यानपिढ्या उंची कमी होत गेली’ हे वाक्य म्हणजे वाकलेला बाप वाकलेलं पोर देतो असं झालं, हे नववीच्या पुस्तकात पण चालत नाही. म्हणायचं असेल तर असं म्हणा की ज्यांना तिथे वावरणं सोपं गेलं त्यांची मुलं जास्त उरली.

मागणी छोटीच आहे. त्या व्हिडिओचा भाग दोन करा. बाकांना बाका म्हणा, एफेंना एफे. थंबनेलवर एका उंच गोऱ्या माणसाच्या कमरेशी उभा असलेला आफ्रिकन माणूस टाकू नका, त्या फोटोंची परंपराच घाण आहे. आणि वाढीचा आलेख दाखवणार असाल तर एडिटिंगमध्ये डावीकडची पहिली दोन वर्षं कापू नका, मी बघितलेल्या एका व्हिडिओत आलेख पाचव्या वर्षापासून सुरू होत होता. लेकीच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही तो हाताने काढला, दोन रंगांत, एफेंची रेघ शून्यापाशीच खाली आणि बाकांची तिथून बरोबर निघून दीड-दोन वर्षांत खाली वळलेली. बाईंनी शेरा मारलाय की रेषा नीट समांतर काढाव्यात.

तुमची एक प्रेक्षक,
हार्मोन सेक्शन, सकाळची शिफ्ट